टायमिंग काउंटर, डिकोडर आणि मेमरी: मानो यांच्या ‘बेसिक कॉम्प्युटर’चे परीक्षण

संगणक संरचना हा विषय शिकताना तुमच्या हातात बहुधा दोनपैकी एक पुस्तक असते. एक मॉरिस मानो यांचे ‘कॉम्प्युटर सिस्टिम आर्किटेक्चर’ (तिसरी आवृत्ती १९९३) आणि दुसरे हॅमाकर, व्रानेसिक आणि झाकी यांचे ‘कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन’. बंगळूरुत आणि कर्नाटकात इतरत्र, बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमामुळे, हॅमाकर जास्त वाचले जाते. देशातल्या इतर अनेक ठिकाणी मानो वाचले जाते. या टिपणात मानो यांच्या पाचव्या प्रकरणाचे परीक्षण करायचे आहे. त्या प्रकरणात एक छोटा प्रोसेसर पूर्णपणे रचलेला आहे आणि त्याचे सर्व कंट्रोल सिग्नल एका काउंटरने आणि दोन डिकोडरांनी तयार केलेले आहेत.

माझे म्हणणे आधीच सांगतो. रजिस्टरांपुरती ही पद्धत निर्दोष आहे आणि पुस्तकात ती फार चांगली शिकवली आहे. पण पुस्तकाची लिहिण्याची पद्धत मेमरीलाही रजिस्टरासारखेच वागवते आणि मेमरी तशी वागत नाही. हा फरक न सांगितल्यामुळे कागदावर बरोबर असलेले मशीन ब्रेडबोर्डवर चुकते. ते नेमके कुठे आणि कसे चुकते, हे एका इन्स्ट्रक्शनच्या आधारे शेवटपर्यंत पाहू. चिन्हे मानो यांच्या पुस्तकातलीच ठेवली आहेत, म्हणजे पुस्तक शेजारी उघडे ठेवून वाचता येईल.

मशीन थोडक्यात

मेमरीत ४०९६ शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द १६ बिटांचा. `AR` (पत्ता धरणारे) आणि `PC` (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता धरणारे) ही १२ बिटांची रजिस्टरे. `IR`, `DR`, `AC` आणि `TR` ही १६ बिटांची. मेमरी आणि रजिस्टरे एकाच सामाईक बसवर जोडलेली आहेत.

कंट्रोलचे दोन भाग आहेत. `IR` मधले १२ ते १४ हे तीन बिट एका ३×८ डिकोडरला जातात आणि त्यातून `D0` ते `D7` या आठ रेषा निघतात. कोणती इन्स्ट्रक्शन चालू आहे हे त्या सांगतात. दुसरीकडे `SC` नावाचा चार बिटांचा काउंटर क्लॉकच्या प्रत्येक चढत्या कडेला एकाने वाढतो. तो ४×१६ डिकोडरला जातो आणि त्यातून `T0` ते `T15` या रेषा निघतात. इन्स्ट्रक्शनची कितवी पायरी चालू आहे हे त्या सांगतात. एका वेळी एकच `D` आणि एकच `T` रेषा १ असते. म्हणून `D5T4` या गुणाकाराचा अर्थ सरळ होतो: पाचव्या क्रमांकाची इन्स्ट्रक्शन चालू आहे आणि तिची `T4` पायरी आली आहे.

इन्स्ट्रक्शन संपली की `SC` शून्य करायचा, म्हणजे पुन्हा `T0` येतो आणि पुढची इन्स्ट्रक्शन आणायला सुरुवात होते. काही इन्स्ट्रक्शन `T4` ला संपतात, काही `T5` ला, काही `T6` ला. काउंटर कधी शून्य करायचा हेही त्यामुळे एक कंट्रोल सिग्नलच ठरतो.

पुस्तकाचे खरे बलस्थान

मानो आधी सगळ्या इन्स्ट्रक्शनच्या सगळ्या पायऱ्या रजिस्टर ट्रान्सफरच्या वाक्यांत लिहून काढतात. मग प्रत्येक रजिस्टर घेऊन ती यादी वरपासून खालपर्यंत चाळतात आणि ते रजिस्टर जिथे जिथे बदलते ती वाक्ये वेगळी काढतात. `AR` साठी अशी पाच वाक्ये मिळतात:

```
R'T0:    AR <- PC
R'T2:    AR <- IR(0-11)
D7'IT3:  AR <- M[AR]
RT0:     AR <- 0
D5T4:    AR <- AR + 1
```

`R` म्हणजे इंटरप्ट घ्यायचा आहे असे सांगणारा फ्लिपफ्लॉप आणि `I` म्हणजे इन्स्ट्रक्शनमधला अप्रत्यक्ष पत्त्याचा बिट. पहिल्या तीन वाक्यांत `AR` मध्ये बाहेरून काही भरले जाते, चौथ्यात ते शून्य होते, पाचव्यात ते एकाने वाढते. म्हणून `AR` चे तीन कंट्रोल इनपुट लगेच लिहिता येतात:

```
LD(AR)  = R'T0 + R'T2 + D7'IT3
CLR(AR) = RT0
INR(AR) = D5T4
```

यात अंदाजाला जागा नाही. यादी पूर्ण असेल तर समीकरणे पूर्ण असतात. एखादी इन्स्ट्रक्शन बदलली तर कोणती समीकरणे बदलतील हेही यादीवरूनच कळते.

हॅमाकरच्या पुस्तकातही हीच रचना आहे: पायरी मोजणारा काउंटर, त्याचा डिकोडर, इन्स्ट्रक्शनचा डिकोडर आणि शेवटी सगळ्यांचे सिग्नल एकत्र करणारा एन्कोडर. पण तिथे दोन-तीन सिग्नलांची समीकरणे नमुन्यादाखल देऊन बाकीची ठिपक्यांवर सोडली आहेत. मानो संपूर्ण मशीन एका तक्त्यात बसवतात आणि विद्यार्थ्याला ते शेवटच्या गेटपर्यंत रचता येते. या बाबतीत मानो यांचे पुस्तक निःसंशय सरस आहे.

सिग्नल आणि घटना

आता जिथे बहुतेक वाचक अडखळतात त्या जागेकडे येऊ. `R'T0: AR <- PC` हे वाक्य वाचताना असे वाटते की `T0` आला की `AR` मध्ये `PC` गेला. प्रत्यक्षात `T0` हा क्षण नाही. तो एक क्लॉक पिरियड टिकणारा काळ आहे. त्या पूर्ण काळात `LD(AR)` ही रेषा १ असते आणि `PC` बसवर असतो, पण `AR` मध्ये काहीच बदलत नाही. बदल होतो तो `T0` संपवणाऱ्या क्लॉकच्या कडेला. त्याच कडेला `SC` सुद्धा वाढतो आणि `T1` सुरू होतो. म्हणजे `AR` ची नवी किंमत आपल्याला `T1` मध्ये दिसते.

थोडक्यात, कंट्रोल सिग्नल सांगतो ‘काय करायचे’ आणि क्लॉकची कडा सांगते ‘आता कर’. सिग्नल काळभर टिकतो, घटना कडेला घडते. काउंटरवाल्या कंट्रोलचा सगळा साधेपणा या वाटणीतून येतो. कडेनंतर काउंटर बदलतो, डिकोडरच्या रेषा बदलतात, गेटांची आउटपुटे थोडा वेळ इकडेतिकडे होतात, पण पुढची कडा येईपर्यंत सगळे स्थिर होते. मधला गोंधळ रजिस्टर पाहतच नाही.

या वाटणीचा पहिला कस `SC` वरच लागतो. मानो यांच्या टायमिंग आकृतीत `D3T4` या वेळी `SC` चे `CLR` इनपुट १ होते आणि पुढच्या चढत्या कडेला `SC` शून्य होतो. म्हणजे हा क्लिअर क्लॉकची वाट पाहणारा, सिंक्रोनस आहे. आकृतीत हे स्पष्ट आहे, पण असे का असावे लागते हे पुस्तक ठासून सांगत नाही.

प्रत्यक्षात या जागी दोन चिप्स येतात: `74163` आणि `74161`. दोघींच्या पायांची रचना एकच, दोन्ही चार बिटांचे काउंटर. फरक एवढाच की `74163` चा क्लिअर कडेची वाट पाहतो आणि `74161` चा पाहत नाही. बंगळूरुत एस. पी. रोडवर जाऊन `74163` मागितला आणि तो नसला, तर ‘हाही तोच आहे’ म्हणून `74161` हातात पडणे अगदी शक्य आहे. तो बसतोही आणि काउंटर मोजतोही.

मग काय होते ते पाहा. `BUN` ही उडी मारणारी इन्स्ट्रक्शन एका पायरीत संपते:

```
D4T4:  PC <- AR, SC <- 0
```

`T4` सुरू होताच `D4T4` १ होतो. `74161` चा क्लिअर लगेच काम करतो आणि `SC` शून्य होतो. त्यामुळे `T4` नाहीसा होतो आणि त्याबरोबर `D4T4` सुद्धा. एवढे सगळे काही दहा नॅनोसेकंदांत उरकते, क्लॉकची पुढची कडा अजून लांब असते. ती येते तेव्हा `LD(PC)` शून्य असतो. `PC` मध्ये `AR` जातच नाही आणि उडी होत नाही. `ADD` ची बेरीज `T5` ला होते आणि तीच तिची शेवटची पायरी. तीही याच कारणाने होत नाही.

या दोषाची ओळख सोपी आहे. इन्स्ट्रक्शन आणण्याचा भाग नीट चालतो, पण प्रत्येक इन्स्ट्रक्शनची शेवटची पायरी गायब असते आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शन एक क्लॉक आधी संपते. बटण दाबून एकेक क्लॉक दिला तरी `BUN` च्या वेळी `T4` चा दिवा लागलेला दिसत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे. क्लॉक कितीही हळू केला तरी हा दोष जात नाही, कारण `T4` किती टिकणार हे क्लॉक ठरवत नाही, गेटांचा विलंब ठरवतो.

मेमरी कडेला लिहीत नाही

आता मुख्य मुद्दा. यादीत मेमरीत लिहिणाऱ्या पायऱ्या चारच आहेत:

```
D3T4:  M[AR] <- AC
D5T4:  M[AR] <- PC
D6T6:  M[AR] <- DR
RT1:   M[AR] <- TR
```

रजिस्टरांसाठी वापरलेलीच पद्धत लावली की मेमरीचा लिहिण्याचा सिग्नल मिळतो:

```
Write = D3T4 + D5T4 + D6T6 + RT1
```

पुस्तकाच्या दृष्टीने काम इथे संपले. पण प्रयोगशाळेत आपण जी साधी स्टॅटिक रॅम वापरतो, तिला क्लॉकचा पायच नसतो. तिला फक्त लिहिण्याचा पाय असतो. तो सक्रिय असेपर्यंत, पत्त्याच्या पायांवर जो पत्ता असेल तिथे, डेटाच्या पायांवर जे असेल ते ती लिहीत राहते. तिच्या दृष्टीने ‘सिग्नल’ आणि ‘घटना’ वेगळे नसतात, सिग्नल हीच घटना. ज्या वाटणीमुळे रजिस्टर मधल्या गोंधळापासून सुरक्षित होते, ती वाटणी मेमरीला लागू नाही.

याचा पहिला परिणाम काउंटर बदलताना दिसतो. `T3` वरून `T4` वर जाताना `SC` ००११ वरून ०१०० होतो, म्हणजे तीन बिट बदलतात. ते अगदी एकाच वेळी डिकोडरला पोहोचत नाहीत. समजा आधी डावीकडून दुसरा बिट १ झाला, तर डिकोडरला क्षणभर ०१११ दिसेल. मग सर्वांत उजवीकडचा बिट ० झाला तर ०११० दिसेल. ०११० म्हणजे `T6`. `ISZ` इन्स्ट्रक्शन चालू असेल तर `D6` आधीच १ आहे, म्हणून `D6T6` ची एक बारीक सुई उमटते आणि `DR` मधली जुनी किंमत मेमरीत लिहिली जाऊ शकते, तीही `ISZ` ने तिथला आकडा वाचायच्या आधी. मग मोजणीचा आकडा मध्येच भलताच निघतो. असे दर वेळी होईलच असे नाही. कोणता बिट आधी पोहोचतो यावर ते अवलंबून आहे. म्हणूनच हा दोष शोधायला त्रास देतो.

यावर नेहमीचा उपाय असा की लिहिण्याचा सिग्नल पिरियडच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच जाऊ द्यायचा. क्लॉक चढत्या कडेनंतर अर्धा पिरियड १ असतो आणि नंतर ०. तेव्हा उलटा क्लॉक गुणाकारात घातला की पुरे:

```
WE = CLK' · (D3T4 + D5T4 + D6T6 + RT1)
```

सुरुवातीच्या अर्ध्या पिरियडमध्ये डिकोडर स्थिरावतो आणि सुई रॅमपर्यंत पोहोचत नाही. ही पिरियडच्या सुरुवातीची काळजी झाली. शेवटाची काळजी वेगळी आहे, आणि ती `BSA` ला भोवते.

एक उदाहरण शेवटपर्यंत: `BSA`

`BSA` म्हणजे सबरूटीनला जाण्याची इन्स्ट्रक्शन. परतीचा पत्ता ती सबरूटीनच्या पहिल्या शब्दात लिहून ठेवते आणि त्याच्या पुढच्या शब्दापासून काम सुरू करते:

```
D5T4:  M[AR] <- PC, AR <- AR + 1
D5T5:  PC <- AR, SC <- 0
```

पुस्तकाचे म्हणणे असे की पुढची कडा येईपर्यंत मेमरीतले लिहिणे पूर्ण होते आणि `AR` सुद्धा वाढलेला असतो. यादी वाचताना खटकण्यासारखे काही दिसत नाही. पत्ता आणि आकडे घालून पाहू. पत्ते सोळाच्या पायात आहेत.

समजा ०४० या पत्त्यावर `BSA 200` आहे. ती आणून झाली तेव्हा `PC` मध्ये ०४१ आणि `AR` मध्ये २०० आहे. अपेक्षा अशी की २०० मध्ये ००४१ लिहिले जावे आणि काम २०१ पासून सुरू व्हावे.

वरचा क्लॉकचा उपाय केलेला नाही, `Write` थेट रॅमला जोडला आहे असे धरा. `T4` संपवणारी कडा हा शून्य क्षण माना. आकडे साधारण `LS` मालिकेच्या चिप्सचे घेऊ. सुमारे वीस नॅनोसेकंदांनी `AR` चे आउटपुट २०१ होते. त्याच सुमारास `SC` चे आउटपुटही बदलते. पण त्या बदलाला डिकोडरमधून जायचे आहे, मग `D5T4` च्या अँड गेटमधून, मग चार पदांच्या ऑर गेटमधून. या वाटेत आणखी चाळीसेक नॅनोसेकंद जातात. म्हणजे लिहिण्याचा सिग्नल सुमारे साठ नॅनोसेकंदांनी थांबतो.

विसाव्या ते साठाव्या नॅनोसेकंदामध्ये रॅमला काय दिसते? पत्ता २०१. लिहिण्याचा सिग्नल अजून सक्रिय. आणि बसवर अजून `PC` च, कारण बसवर कोणाला घ्यायचे हेही त्याच `D5T4` ने ठरते आणि तोही बदल उशिरा पोहोचतो. चाळीस नॅनोसेकंद ही वेळ बऱ्याच रॅमना लिहायला पुरते. म्हणून ००४१ हा शब्द २०० मध्ये जातो, आणि २०१ मध्येही जातो.

२०१ ही सबरूटीनची पहिली इन्स्ट्रक्शन होती. आता तिथे ००४१ आहे. प्रोसेसर तो शब्द इन्स्ट्रक्शन म्हणून वाचतो तेव्हा वरचे चार बिट शून्य, म्हणजे `D0`, म्हणजे `AND 041`. तो `AC` ची ०४१ वरच्या शब्दाशी अँड क्रिया करतो. ०४१ वर तर मुख्य प्रोग्रामची पुढची इन्स्ट्रक्शन आहे. मशीन थांबत नाही, भलतीकडे उडी मारत नाही. सबरूटीन चालते, परतही येते. फक्त `AC` मधले काही बिट पुसले जातात आणि सबरूटीनची पहिली क्रिया झालेली नसते. उत्तर चुकते, पण प्रोग्राम बाहेरून ठीक चाललेला दिसतो.

याची खूण मात्र पक्की आहे. प्रोग्राम चालवून झाल्यावर मेमरी वाचा. सबरूटीनचा पहिला आणि दुसरा शब्द सारखेच दिसले आणि दोन्हींत परतीचा पत्ता असला, तर दोष हाच. दुसरी खूण अशी की एक रॅम काढून दुसऱ्या वेगाची बसवली की दोष येतो किंवा जातो. आणि तिसरी, क्लॉक हळू केल्याने काहीही फरक पडत नाही. एखादे रजिस्टर वेळेत डेटा पकडत नसेल तर क्लॉक हळू करताच ते सुधारते. इथे मात्र शर्यत कडेनंतरच्या पहिल्या साठ नॅनोसेकंदांतली आहे, पिरियड किती लांब आहे याचा तिच्याशी संबंध नाही. ‘हळू केल्याने दोष गेला का?’ हा एक प्रश्न दोन जातींचे दोष वेगळे करतो.

दुरुस्ती आणि तिची किंमत

उलट्या क्लॉकचे गेट लावले तर लिहिण्याचा सिग्नल डिकोडरच्या लांब वाटेऐवजी क्लॉकच्या छोट्या वाटेने थांबतो. क्लॉक उलटा करणारे एक गेट आणि शेवटचे एक गेट, एवढाच विलंब. तो `AR` बदलण्याच्या वेळेच्या आसपासच येतो. म्हणजे खात्रीने चुकणारे मशीन आता बहुधा बरोबर चालेल. पण ‘बहुधा’ ही रचना नव्हे. काही नॅनोसेकंदांच्या फरकावर विसंबायचे नसेल तर मेमरीत लिहिणे आणि पत्ता बदलणे या दोन गोष्टी एकाच पायरीत ठेवू नयेत. `BSA` ला एक पायरी वाढवून द्या:

```
D5T4:  M[AR] <- PC
D5T5:  AR <- AR + 1
D5T6:  PC <- AR, SC <- 0
```

समीकरणांत होणारे बदल चाळणीच्या पद्धतीने लगेच सापडतात. `INR(AR)` आता `D5T5` होतो. `LD(PC)` मध्ये आणि `SC` च्या क्लिअरमध्ये `D5T5` च्या जागी `D5T6` येतो. `AR` बसवर आणणाऱ्या पदातही तोच बदल. `Write` मध्ये काहीच बदलत नाही. किंमत म्हणजे दर `BSA` मागे एक जादा क्लॉक. गेट ठेवाच, कारण सुईची काळजी वेगळी आहे आणि बसवरचा डेटा बदलण्याआधी लिहिणे थांबवायलाही तेच उपयोगी पडते.

लिहिणाऱ्या बाकीच्या तीन पायऱ्या तपासा. `D3T4`, `D6T6` आणि `RT1` यांपैकी एकीतही `AR` बदलत नाही. `D6T6` मध्ये `PC` वाढू शकतो, पण बसवर तेव्हा `DR` असतो. म्हणून संपूर्ण मशीनमध्ये ही अडचण फक्त `BSA` ला आहे. हे चार ओळींत तपासता आले ते मानो यांनी यादी पूर्ण दिली म्हणून.

हे सिम्युलेशनमध्ये का दिसत नाही

तुम्ही हे मशीन व्हेरिलॉगमध्ये लिहिले असेल तर म्हणाल, आमचे `BSA` तर बरोबर चालते. ते चालणारच:

```
always @(posedge clk)
  if (D5 & T4) begin
    M[AR] <= PC;
    AR    <= AR + 1;
  end
```

इथे मेमरीसुद्धा कडेलाच लिहिली जाते आणि दोन्ही ओळी `AR` ची जुनी किंमत वापरतात. म्हणजे मेमरीला आपण खरोखरच रजिस्टर केले आहे. पुस्तकातल्या वाक्याचा नेमका हाच अर्थ आहे. एफपीजीएमधली ब्लॉक रॅम लिहिताना अशीच वागते, म्हणून तिथे `BSA` ची पुस्तकातली दोन पायऱ्यांची रचना सुरक्षित आहे.

पण तिथे अडचण दुसऱ्या बाजूने येते. ब्लॉक रॅम वाचतानाही कडेची वाट पाहते. `T0` च्या शेवटी `AR` मध्ये पत्ता आला, तो रॅमने पकडला `T1` च्या शेवटी आणि शब्द बाहेर आला `T2` मध्ये. पुस्तकातले `R'T1: IR <- M[AR]` हे वाक्य मात्र `T1` च्या शेवटीच शब्द पकडते, म्हणजे त्याआधीचा, शिळा शब्द. इथे आणण्याच्या क्रमात एक रिकामी पायरी घालावी लागते आणि पुढचे सगळे `T` क्रमांक एकाने सरकतात. अप्रत्यक्ष पत्ता वाचताना आणि `T4` ला `DR` भरतानाही तेच करावे लागते. एकच वाक्य, दोन जातींच्या मेमरी. एका ठिकाणी लिहिणे चुकते, दुसऱ्या ठिकाणी वाचणे.

मानो यांना न्याय

मानो याबाबत अगदीच गप्प नाहीत. मेमरीचा एक फेरा क्लॉकच्या पिरियडपेक्षा लहान आहे असे गृहीत धरल्याचे ते स्पष्ट सांगतात आणि अनेक खऱ्या मशीनांत तसे नसते, तिथे थांबण्याच्या पायऱ्या लागतात हेही नोंदवतात. माझा आक्षेप असा की हे गृहीतक फक्त ‘मेमरी पुरेशी वेगवान आहे’ एवढेच सांगते. `BSA` चा दोष मेमरी संथ असल्यामुळे होत नाही. उलट मेमरी जितकी वेगवान, तितकी ती त्या चाळीस नॅनोसेकंदांत चुकीच्या जागी लिहिण्याची शक्यता जास्त. गृहीतकात ‘आणि मेमरी कडेलाच लिहिते’ एवढी भर असती तर ते पुरे झाले असते.

हॅमाकरचे पुस्तक या जागी जास्त सावध आहे. तिथे मेमरीला काम सांगितल्यावर `WMFC` हा वेगळा सिग्नल लागतो. मेमरीकडून काम झाल्याचे उत्तर येईपर्यंत पायरी मोजणारा काउंटर पुढे सरकत नाही. मेमरी ही रजिस्टर नव्हे, तिच्याशी सवाल-जवाब करावा लागतो, ही जाणीव त्या रचनेतच आहे. पण पूर्ण मशीन तिथे मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा: मशीन मानो यांचे घ्या, आणि मेमरीच्या प्रत्येक ओळीपाशी हॅमाकरची सावधगिरी बाळगा.

मानो यांच्या तक्त्यातली `M[AR]` असलेली प्रत्येक ओळ पेन्सिलने अधोरेखित करा आणि तिच्याशेजारी दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. याच पायरीच्या शेवटी `AR` बदलतो का? आणि तुम्ही वापरणार असलेली रॅम कडेला काम करते की सिग्नल असेपर्यंत? दोन्ही उत्तरे लिहून झाल्याशिवाय `Write` चे समीकरण ब्रेडबोर्डवर उतरवू नका.